गुळातले लोह किती आणि त्याचा उपयोग किती: एका दाव्याचा प्रतिवाद

“पांढरी साखर म्हणजे रसायनांनी धुतलेले विष, तिच्यात पोषण शून्य. गूळ मात्र नैसर्गिक. त्यात भरपूर लोह, कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम असते, म्हणून रक्त वाढते, आणि गुळाची साखर हळूहळू रक्तात जात असल्याने मधुमेह्यांनाही चालतो. आजच साखर बंद करा, गूळ सुरू करा!”

या संदेशातील एक विधान पूर्णपणे खरे आहे आणि ते आधीच मान्य केले पाहिजे. पांढऱ्या साखरेत खनिजे जवळजवळ नसतात आणि गुळात ती असतात. दोन्ही पदार्थ उसाच्या एकाच रसापासून सुरू होतात. रसात चुन्याची निवळी घालून आणि तापवून त्यातील मळी काढली जाते, हा टप्पाही बहुधा सारखाच असतो. पुढे गूळ करताना सगळा रस आटवून त्याचा गोळा पाडतात, त्यामुळे रसातील क्षार, थोडी प्रथिने आणि रंगद्रव्ये त्यातच राहतात. साखर करताना रस निर्वात भांड्यात कमी तापमानाला आटवून त्याचे स्फटिक होऊ देतात आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात ते स्फटिक काकवीसारख्या दाट द्रवापासून वेगळे करतात. रसातील क्षार त्या द्रवाबरोबर निघून जातात आणि जे उरते ते ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध सुक्रोज असते. रस निवळताना अनेक कारखान्यांत गंधकाचा वायूही वापरतात, परंतु त्याचा अत्यल्प अंशच साखरेत उरतो. शिवाय पिवळाधमक गूळ मिळावा म्हणून गुऱ्हाळांतही हायड्रोससारखी गंधकयुक्त पावडर वापरली जाते, तेव्हा रसायनांचा निकष लावायचा असेल तर तो दोघांनाही लावावा लागेल. साखरेचे जे काही नुकसान होते ते या रसायनांच्या अंशामुळे होत नाही. ते सुक्रोज जास्त खाल्ल्यामुळे होते, आणि सुक्रोज गुळातही ६५ ते ८५ टक्के असते. त्यात १० टक्क्यांच्या आसपास सुटे ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळवले की १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम साखर भरते. उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा असतो आणि खनिजांच्या वाट्याला एखाद-दुसरा टक्का येतो.

आता लोहाकडे वळू, कारण गुळाची सगळी कीर्ती त्यावर उभी आहे. अन्नघटकांची निरनिराळी कोष्टके चाळली तर १०० ग्रॅम गुळातील लोहाचा आकडा कुठे अडीच मिलिग्रॅम, कुठे पाचाच्या आसपास, तर कुठे ११ मिलिग्रॅम दिसतो. नैसर्गिक घटकाच्या प्रमाणात थोडाफार फरक समजू शकतो, पण चौपट फरक पाहिला की कारण शोधावेसे वाटते. ते कारण मोठ्या अंशी कढईत आहे. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि तो काही तास उकळताना सतत ढवळला व खरवडला जातो. कढई लोखंडी असेल तर तिचे लोखंड, त्यावरचा गंज आणि कधी मातीची धूळ रसात उतरते. प्रयोगशाळेत गुळाचा नमुना जाळून राख तीव्र आम्लात विरघळवतात आणि मग लोह मोजतात, त्यामुळे उसातून आलेले लोह आणि कढईतून आलेला गंज हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळून जातात. आपले आतडे मात्र ते तीव्र आम्ल नव्हे. गंजाच्या रूपातील लोह जठरात फारसे विरघळत नाही आणि जे विरघळत नाही ते शरीराला मिळत नाही. म्हणून कोष्टकातला सर्वांत मोठा आकडा दाखवून गुळाची शिफारस करणे योग्य नाही, कारण त्या आकड्यातील जास्तीचा भागच शोषला जाण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.

तरीही वादापुरता तो ११ मिलिग्रॅमचा आकडा पूर्ण खरा धरून हिशेब करू. मासिक पाळी येणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या शरीरात रोज सरासरी सुमारे १.४ मिलिग्रॅम लोह शोषले जाणे आवश्यक असते. वनस्पतिजन्य अन्नातील लोहापैकी साधारण ५ ते १० टक्केच शोषले जाते, आणि म्हणूनच अशा आहारात ताटातील लोहाची गरज २९ मिलिग्रॅमच्या आसपास सांगितली जाते. कपभर चहात १० ग्रॅम गूळ घातला तर त्यात १.१ मिलिग्रॅम लोह येईल. १० टक्के शोषण धरले तर शरीरात ०.११ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेचा जेमतेम बारावा भाग जाईल. मधला, पाच मिलिग्रॅमचा आकडा घेतला तर ही रक्कम निम्म्याहूनही कमी होते. आणि हा हिशेब चहाचा परिणाम न धरता केलेला आहे. चहातील टॅनिनसारखे घटक लोहाला बांधून ठेवतात आणि त्याच घोटाबरोबर आलेल्या लोहाचे शोषण बरेच घटवतात. लोहासाठी म्हणून गुळाचा चहा पिणारी व्यक्ती जे थोडेसे मिळवते तेही त्याच कपात बऱ्याच अंशी गमावते.

गुळाचे प्रमाण वाढवले तर, असा पुढचा विचार साहजिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अन्नात घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांच्या आत आणावी. २,००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने घातलेली प्रत्येक साखर या व्याख्येत येते, तेव्हा गुळाला त्यातून सूट नाही. ही सगळी मुभा एकट्या गुळावर खर्च केली तर सुमारे २९ ग्रॅम गूळ खाता येईल आणि त्यातून मधल्या आकड्याने दीड मिलिग्रॅमही लोह मिळणार नाही. याउलट दिवसाचे २९ मिलिग्रॅम लोह गुळातूनच घ्यायचे ठरवले तर सर्वांत उदार आकड्यानेही पाव किलोहून अधिक गूळ आणि त्याबरोबर सव्वादोनशे ग्रॅम साखर पोटात जाईल.

याच ठिकाणी एक शेजारी ठेवून पाहण्यासारखा पदार्थ म्हणजे मसूर. ३० ग्रॅम गूळ आणि ३० ग्रॅम कोरडी मसूर डाळ यांची ऊर्जा जवळजवळ सारखी, शंभर कॅलरींच्या आसपास असते. गुळातून सुमारे दीड मिलिग्रॅम लोह आणि २५ ग्रॅम साखर मिळते. मसुरीतून सुमारे दोन मिलिग्रॅम लोह, सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तंतू मिळतात. तिच्यावर लिंबू पिळले तर क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषणही वाढते. खनिजांसाठी एखादा पदार्थ निवडायचा असेल तर तुलना नेहमी अशीच, एकाच ऊर्जेच्या दोन पदार्थांत करावी. साखरेच्या शून्याशी तुलना केली की कोणताही पदार्थ श्रीमंत दिसतो.

या दाव्याचे सर्वांत गंभीर नुकसान रक्तक्षय असलेल्यांना होते, आणि त्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. लोहाच्या उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या गोळीत सामान्यतः ६० मिलिग्रॅमच्या आसपास मूलद्रव्यरूप लोह असते. १० ग्रॅम गुळात अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपटींहून अधिक अंतर आहे. हिमोग्लोबिन कमी निघाले म्हणून महिनोन्‌महिने गूळ खात राहिल्यास साठा भरत नाही, आणि रक्त कशामुळे कमी झाले हेही कळत नाही. पाळीतील जास्त रक्तस्राव, आतड्यातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव, जंत किंवा ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांपैकी प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. फेरिटिनची तपासणी शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देते. अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसू शकते, म्हणून तो आकडाही डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

उरलेल्या खनिजांना फार वेळ देण्याचे कारण नाही. १० ग्रॅम गुळातून पोटॅशियम सुमारे ५० मिलिग्रॅम मिळते, तर दिवसाची गरज ३,५०० मिलिग्रॅमच्या घरात आहे. मॅग्नेशियम १० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते आणि गरज तीनशेच्या पुढे आहे. कॅल्शियमचा आकडा निवळीसाठी वापरलेल्या चुन्यामुळेही वाढतो, आणि तरी तो १० ग्रॅममागे १० मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो. गडद गुळात लोह जास्त असते ही समजूतही टिकत नाही, कारण गडद रंग बराचसा साखर करपल्याने आणि साखर व प्रथिने यांच्या तापलेल्या संयोगाने येतो. गुळात काही ऑक्सिडीकरणविरोधी घटक आहेत हे खरे आहे, पण ते मिळवण्यासाठी इतकी साखर खाणे हा महागडा मार्ग आहे.

मधुमेहाविषयीचे विधान मात्र सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यावर विसंबून लोक गूळ मोजायचे बंद करतात. गुळातील सुक्रोज साखरेतील सुक्रोजहून वेगळे नाही. लहान आतड्यात एकच विकर त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. गुळातील सुटे ग्लुकोज तर या पायरीशिवायच शोषले जाते. शोषणाची गती कमी करू शकेल असे तंतू गुळात जवळपास नसतात, आणि काही मिलिग्रॅम खनिजे ग्लुकोजला अडवून धरत नाहीत. ‘हळूहळू जाते’ असे म्हणण्यास म्हणूनच काही आधार उरत नाही.

एकाच वजनाची तुलना केली तर गूळ किंचित सरस भासतो. ३० ग्रॅम साखरेतून ३० ग्रॅम साखर आणि सुमारे १२० कॅलरी, तर ३० ग्रॅम गुळातून सुमारे २५ ग्रॅम साखर आणि १०५ कॅलरींच्या आसपास. हा फरक बहुतांशी गुळातील पाण्याचा आहे, आणि तो व्यवहारात टिकत नाही. गूळ वजनाला साखरेइतका गोड नसतो, त्यामुळे तीच गोडी येण्यासाठी ३० ऐवजी ३५ ग्रॅम घातला जातो आणि हिशेब पुन्हा ३० ग्रॅम साखरेवर येतो. ‘हा तर गूळ आहे’ म्हणून एक खडा वर गेला तर तो त्यापुढे जातो.

ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांना हे स्वतः पाहता येईल, फक्त तुलना चोख हवी. डॉक्टरांनी आहारात जेवढ्या साखरेची मुभा दिली असेल तेवढीच, एका दिवशी साखरेच्या आणि दुसऱ्या दिवशी गुळाच्या रूपात, वजनकाट्यावर मोजून आणि बाकीचा नाश्ता व औषधे तीच ठेवून घ्यावी आणि खाण्यापूर्वी, एका तासाने व दोन तासांनी रक्त तपासावे. एकाच व्यक्तीचे एकाच अन्नानंतरचे आकडेही दिवसागणिक बदलतात, म्हणून एका जोडीवर निष्कर्ष न काढता तोच क्रम काही वेळा करावा लागतो. ज्यांनी साखर सोडून तितकाच गूळ सुरू केला आहे त्यांच्या, सुमारे तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी तपासणीत त्या बदलामुळे सुधारणा अपेक्षित नाही, आणि ती दिसलीच तर मागील तीन महिन्यांत एकूण गोड पदार्थ, वजन, चालणे किंवा औषध यांपैकी काय बदलले ते आधी पाहावे.