नऊने भाग गेला म्हणून बोट कुणावर ठेवायचं?

«बँकेत दिवसअखेर ४५ चा फरक. सगळे घामाघूम. तेवढ्यात कोपऱ्यातला जुना कारकून म्हणाला, ‘४५ ला ९ ने भाग जातो, म्हणजे कुणीतरी अंक उलटे लिहिलेत!’ दोन मिनिटांत त्याने पान उघडलं : ३,४६१ च्या जागी ३,४१६. लक्षात ठेवा, फरकाला ९ ने भाग गेला की अंकांची उलटापालटच असते, दुसरं काही नसतं. तो आकडा शोधा, सरळ करा, हिशेब जुळलाच. अंकांची बेरीज करून ताळा घेतलात तर अशी चूक होतच नाही. ही आहे नऊची ताकद, जी संगणकालाही कळत नाही. पुढे पाठवा.»

ही गोष्ट मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा हसून सोडून दिली. चौथ्यांदा ती भाचीच्या फोनवर दिसली. ती एका ठिकाणी खतावणी सांभाळते. तिने ती नुसती वाचली नव्हती, वापरली होती. म्हणून आता लिहितो.

आधी ‘दुसरं काही नसतं’ या शब्दांकडे वळू, कारण नुकसान तिथेच होतं. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज जुळते का ते बघायचा तक्ता. भाचीच्या तेरजेत नावे बाजू ६३० ने जास्त येत होती. ६३० भागिले ९ म्हणजे ७०. तिने हुशारीने पुढचं पाऊल टाकलं : शतक आणि दशक या जागांवरचे अंक उलटे पडलेत आणि त्या दोन अंकांत ७ चा फरक आहे. इथवर तर्क बरोबर. मग ती नावे बाजूला तशी रक्कम शोधत गेली आणि तिला १,९२० सापडली. ९ आणि २, फरक ७. ‘ही १,२९० असणार,’ असं ठरवून तिने आकडा बदलला. नावे बाजू ६३० ने उतरली, तेरीज जुळली.

“मामा, गोष्टीतल्यासारखंच झालं!” असं तिने मला कळवलं. मी एवढंच विचारलं, “व्हाउचर पाहिलंस?” ते पाहिलं नव्हतं.

व्हाउचरवर १,९२० च होते. मूळ चूक जमा बाजूला होती. दुसऱ्याच एका खात्यात ७०० जमा व्हायचे होते, तिथे शून्य गळून ७० उतरले होते. ७०० वजा ७० म्हणजेही ६३०. म्हणजे बिघडलेलं खातं बिघडलेलंच राहिलं, चांगलं खातं नव्याने बिघडलं आणि दोन्ही चुका एकमेकींना इतक्या नेमक्या खाऊन बसल्या की तेरजेत काहीच दिसेना. न जुळणारी तेरीज निदान ओरडते तरी. ही जुळलेली तेरीज त्या ७०० वाल्याने स्वतः येऊन विचारेपर्यंत गप्प बसली असती.

शून्य गळणं किंवा जास्तीचं लागणं ही उलटापालटीची सख्खी बहीण आहे. कुठलीही रक्कम दहापट लिहिली गेली की फरक त्या रकमेच्या नऊपट येतो, त्यामुळे तिथे नऊने भाग जाणारच. उलट इथे भागाकार जास्त उपयोगी पडतो, कारण तो थेट रक्कमच सांगतो. समजा फरक ४,२३० आहे. नऊने भागल्यावर ४७० येतात. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल असती तर भागाकार एकच अंक आणि त्यापुढे शून्यं असा आला असता : ५, ७०, ३०० वगैरे. ४७० तसा नाही. म्हणजे शेजारची एकच अदलाबदल बाद, आणि आधी बघायचं ते ४७० चे ४,७०० किंवा ४,७०० चे ४७० झालेत का. भाचीच्या ७० मध्ये मात्र दोन्ही शक्यता बसत होत्या. गोष्टीने तिला त्यातली एकच शिकवली होती.

याशिवाय निव्वळ योगायोग आहेच. दर नऊ पूर्णांकांत एकाला नऊने भाग जातो. ६३० ची एखादी नोंदच राहून गेली असती तरी फरक ६३० च आला असता आणि भागही गेला असता. म्हणून हिशेबात मुरलेली माणसं नऊपाशी लगेच जात नाहीत. आधी फरकाएवढीच रक्कम कुठे राहिली आहे का ते बघतात. मग फरकाची निम्मी रक्कम, इथे ३१५, चुकीच्या बाजूला पडली आहे का ते बघतात, कारण जमेची रक्कम नावे लिहिली की फरक दुप्पट येतो. त्यानंतर नऊ.

आणि ‘उलटापालटच असते’ हा ठामपणा कुठून आला? याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये टपाल व्यवस्थेतल्या आकड्यांत माणसं प्रत्यक्षात कशा चुका करतात ते मोजलं होतं. त्यात सुमारे ७९ टक्के चुका एकच अंक चुकण्याच्या निघाल्या, आणि शेजारच्या दोन अंकांच्या अदलाबदलीच्या सुमारे १० टक्के. ते सांकेतिक क्रमांक होते, रकमा नव्हत्या. त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी खतावणीला लावू नये हे मान्य. पण एक अंक चुकणं हीच सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे हे त्यातून दिसतंच. ३ चा ८ वाचला तर फरक ५, ५० किंवा ५०० येतो आणि नऊचा काही उपयोग नसतो. एकच अंक चुकला असताना फरकाला नऊने भाग जायचा असेल तर ० चा ९ किंवा ९ चा ० व्हावा लागतो. म्हणजे गोष्टीतली युक्ती ज्या चुकीवर चालते ती चूक मुळात अल्पसंख्य आहे.

आता ताळ्याचं. हे वाचून मी कपाळावर हात मारला. नऊचा ताळा म्हणजे संख्येतले अंक मिळवत जायचे, एक अंक उरेपर्यंत. ३,४६१ चे अंक मिळवले तर १४, म्हणजे ५. ३,४१६ चेही १४, म्हणजे ५. अंक तेच असताना बेरीज बदलेल कशी? फरकाला नऊने भाग जातो त्याचं कारणही हेच आहे. संख्येला नऊने भागून उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागून उरणारी बाकी सारखीच असते. अंक कसेही फिरवले तरी बाकी तीच, मग वजाबाकीत बाकी उरणार कुठून? म्हणजे ज्या गुणामुळे फरक नऊने भागला जातो, नेमका त्याच गुणामुळे नऊचा ताळा उलटापालटीला आंधळा असतो. गोष्ट लिहिणाऱ्याने दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात घातली आहेत. एकदा तरी अंक मिळवून बघायचे होते.

दोन मिनिटांत पान उघडण्याबद्दल थोडं. ४५ भागिले ९ म्हणजे ५, तेव्हा शेवटच्या दोन अंकांत ५ चा फरक हवा : ०५, १६, २७, ३८, ४९ आणि त्यांची उलटी रूपं. शंभरातली दहा. दिवसाच्या ४०० नोंदी असतील आणि शेवटचे अंक साधारण सारखे विखुरलेले असतील, तर चाळीसेक संशयित झाले. आणखी एक गाळणी लावता येते, ती गोष्टीत नाही. नावे बाजू जास्त असेल तर नावे बाजूला फक्त ‘मोठा अंक आधी’ अशा नोंदी बघायच्या, म्हणजे ६१, ९४ वगैरे, आणि जमा बाजूला फक्त ‘लहान अंक आधी’ अशा. संशयित निम्म्यावर, वीसेकावर येतात. वीस व्हाउचरं काढून ताडून बघायला दोन मिनिटं पुरत नाहीत, पण ४०० पेक्षा वीस कितीतरी बरी. फरक ८१ असता तर फक्त ०९ आणि ९० बघायचे होते. तो कारकून खरंच चमकला असता, पण कथाकाराने नेमका ४५ घेतला.

तर हो, युक्ती खरी आहे. एवढं मला नाइलाजाने कबूल करावंच लागेल. मीही ती वर्षानुवर्षं वापरली आहे. तिचा भक्कम भाग मात्र गोष्टीत सांगितलाय त्याच्या उलट आहे. एकच चूक असेल आणि फरकाला नऊने भाग जात नसेल, तर ती उलटापालट नाही हे पक्कं. भाग जात असेल तर ती असू शकते, एवढंच. आणि चुका दोन असतील तर पहिलं विधानही ढासळतं : एका जागी २७ ची उलटापालट आणि दुसरीकडे १०० ची चूक मिळून फरक १२७ येतो, त्याला नऊने भाग जात नाही आणि उलटापालट मात्र आत बसलेली असते.

संगणकाबद्दल फार लिहीत नाही. नऊने भागायला त्याला काहीच लागत नाही. खरी गंमत वेगळी आहे. ही युक्ती चालते ती एकच रक्कम दोन ठिकाणी हाताने उतरवली जाते तिथे. संगणकात रक्कम एकदाच भरली जाते आणि नावे-जमा दोन्ही तिच्यावरूनच पडतात. भरतानाच ३,४६१ चे ३,४१६ झाले तर दोन्हीकडे ३,४१६ च जातात. फरक शून्य. भागायचं कशाला?

भाचीचं काम निस्तरलं. १,९२० परत जागेवर आले, ७० चे ७०० झाले, दोन्हींवर तारीख आणि सही पडली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका गटात ती गोष्ट पाचव्यांदा आली. या वेळी फरक ५४ चा होता, आकडे मात्र तेच, ३,४६१ आणि ३,४१६. उतरवताना कुणीतरी ४५ चेच अंक उलटे केले होते. ५४ लाही नऊने भाग जातो, त्यामुळे खाली सतरा अंगठे पडले होते आणि कुणालाच काही खटकलं नव्हतं.