'म्हणे' ही चूक माझी, पण पळपुटा कोणाला म्हणता?

भाषणातले पडताळता येतील असे दावे मी एकेका ओळीत वेगळे लिहून काढतो, खरं-खोटं तपासणारा नंतर पाहतो. त्या यादीवर हा आक्षेप आला: "सिंचनावरच्या सभेतले दावे नुसते वेगळे काढता, खरं-खोटं काहीच सांगत नाही. हा सरळ पळपुटेपणा आहे. वर एका ओळीत 'म्हणे' घालून आपला कल दाखवताच. शिवाय कुठली वाक्यं गाळलीत, तेही कळत नाही."

'म्हणे'चं मान्य. 'खर्च झाले म्हणे' असं लिहिलं की नोंद राहत नाही, टोमणा होतो. रात्रीच तो शब्द काढला.

पण पळपुटेपणा? अहो, जिल्ह्याच्या एका दैनिकासाठी मी अकरा वर्षं मांडवात बसून भाषणं उतरवलीत. एकदा नेत्याचा आकडा चुकलाय असं वाटून बातमीत मीच 'बरोबर' करून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला, "मी असं बोललोच नव्हतो." आणि ते खरंच होतं. संपादकांनी सगळ्यांसमोर झाडलं. तुम्ही कधी अशी झाडणी खाल्लीय? खाल्ली असती तर हा शब्द इतका स्वस्तात वापरला नसता.

२०१२ नंतरच्या सभांमध्ये थोड्याफार फरकानं ऐकू येणारं वाक्य घ्या: "दहा वर्षांत सत्तर हजार कोटी घातले, सिंचन वाढलं ०.१ टक्का, शेतकऱ्याच्या तोंडाला पानं पुसली!" यातून माझ्या वहीत दोन ओळी होतात, एक खर्चाची आणि एक वाढीची. पानं पुसली हे मत, ते बाहेर. 'दहा वर्षांत' दोन्ही ओळींना लागू, पण कोणती दहा, ते वक्ता बोलला नाही. मग समोर तसंच लिहायचं. पदरचं साल घालायचं नाही.

खरी गोम 'सिंचन वाढलं' यात आहे. वाढलं म्हणजे काय वाढलं? ०.१ हा आकडा राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणीवरून आला. तिथे एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचं प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्के झालेलं दिसतं. राज्य सरकारच्या २०१२च्या सिंचन श्वेतपत्रिकेतली २८ टक्के वाढ मात्र निर्माण झालेल्या सिंचनक्षमतेची. धरण-कालवा झाला की क्षमता मोजली जाते. शिवारात पाणी पोचलं का, हा वेगळा हिशेब. यादी करतानाच निकाल द्यायला बसलो, तर हातात जो कागद आधी येईल त्याच्यावरून वक्त्याला खोटारडा किंवा हरिश्चंद्र ठरवून मोकळा होईन. म्हणून ओळीत फक्त 'सिंचन (मोजमाप सांगितलेलं नाही)' असं लिहितो. तपासणारा तिथे थबकतो, आणि त्यानं थबकायलाच हवं. याला तुम्ही पळणं म्हणता!

गाळलेल्या वाक्यांचं म्हणाल, तर त्यात घोषणा, शेरोशायरी आणि "आम्ही करून दाखवू" हेच होतं. पुढच्या वचनाचा आज काय पडताळा घेणार? अख्खं भाषण हवं असेल तर मागा, पाठवतो. तेवीस पानं आहेत, वाचणार असाल तर.