पान उपाशी, बाई तुपाशी

गेल्या आठवड्यात माझा चिंतनात्मक निबंध परत आला. माझ्या एका तासाबद्दलचा हा निबंध शिक्षणतज्ज्ञ कोल्ब यांच्या ‘अनुभवातून शिकण्याच्या चक्रा’वर बेतायचा होता. वर लाल शाईत शेरा: ‘भावना जास्त, चक्र कमी.’ ठाण्याहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये, एका पायावर उभी राहून, मी तो शेरा सात वेळा वाचला. चक्र कमी म्हणजे? सोमवारपासून मला चक्करच येतेय!

बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये मी सातवी ‘अ’ला एक प्रात्यक्षिक घेतलं. हिरव्या पानात पिष्टमय पदार्थ बनायला प्रकाश लागतो, हे दाखवायचं होतं. कुंडीतली जास्वंद दोन-तीन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानात साठलेलं पिष्ट संपतं. मग एका पानाच्या मध्यावर काळ्या कागदाची पट्टी लावायची आणि झाड काही तास उन्हात ठेवायचं. पान खुडून पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये गरम करून हिरवा रंग काढायचा. स्पिरिटची परीक्षानळी गरम पाण्यात उभी करायची, कारण थेट ज्योतीवर धरली तर वाफ पेट घेते. शेवटी आयोडिन, पिष्ट असेल तिथे ते निळं-काळं होतं. उघडा भाग निळा-काळा आणि पट्टीखालचा भाग तपकिरी दिसायला हवा.

माझं अख्खं पान निळं-काळं झालं, पट्टीखालीसुद्धा.

“बाई, काळ्या कागदाखालीपण काळं!” पहिल्या बाकावरून आवाज आला. मी म्हणाले, “नीट बघा.” त्यांनी नीट बघितलं. काळंच होतं.

तास संपल्यावर प्रयोगशाळेचे काका बेसिनमध्ये परीक्षानळ्या धूत होते. मी हताश होऊन विचारलं, “काका, शुक्रवारपासून कुंडी कपाटात होती ना?”

“होती की.”

“मग असं कसं झालं?”

“रात्री होती. शनिवारी सकाळी काढली मी बाहेर. पानं बिचारी मलूल झाली होती. खिडकीत ठेवली, पाणी घातलं. दुपारी परत आत. तुमची वस्तू जागच्या जागी!”

“आणि आज?”

“आजपण सकाळी सातला काढली. बाराला तुम्ही यायच्या आत कपाटात. माझं चुकायचं नाही.”

“अहो काका, झाडाला उपाशी ठेवायचं होतं!”

काकांनी परीक्षानळी खाली ठेवली. “बाई, रागावू नका, पण आमच्या घरी दारातल्या तुळशीलासुद्धा पाणी घातल्याशिवाय कोणी चहा घेत नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, जिवंत झाड कपाटात कोंडता? वर त्याला काळी पट्टी लावता?” मग दिलासा देत म्हणाले, “पण रंग तर छान आला की! मागच्या वर्षीच्या बाईंचा काहीच आला नव्हता.”

म्हणजे सोमवारी सकाळी पाच तास ऊन खाऊन जास्वंद पोटभर जेवली. मग मी पट्टी लावली आणि चारला पान खुडलं. तेवढ्या वेळात पट्टीखालचं पिष्ट कुठलं संपायला!

आता चक्राकडे वळते. डेव्हिड कोल्ब यांनी 1984 साली मांडलेलं हे चक्र चार टप्प्यांचं आहे: मूर्त अनुभव, चिंतनशील निरीक्षण, अमूर्त संकल्पनीकरण, सक्रिय प्रयोग. अनुभवाला मी अडीच पानं दिली, त्यातली दीड काकांवर. संकल्पनीकरणाखाली प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण लिहिलं. खरी चूक ही, आणि ती काकांची नाही. तिथे विज्ञानाचा सिद्धांत नको होता, माझ्या शिकवण्याबद्दलचा हवा होता.

त्यासाठी पुरेसा माल माझ्याकडे होता. वह्या तपासताना दिसलं, जवळपास सगळ्यांनी निरीक्षणात ‘पट्टीखालचा भाग तपकिरी’ लिहिलं होतं. डोळ्यांनी काळं पाहिलं, हातानं तपकिरी लिहिलं! कारण ‘निष्कर्ष’ मी आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता. यातून निघणारी संकल्पना अशी: उत्तर आधी दिलं की मुलं पानाकडे बघत नाहीत, फळ्याकडे बघतात. आणि झाड उपाशी आहे का, हे पट्टी लावण्याआधीच त्याचं एक पान आयोडिननं तपासून दाखवायला हवं. हे लिहायचं सोडून मी ‘मला अत्यंत वाईट वाटले’ असं तीनदा लिहिलं. शेरा बरोबर होता, हे मान्य करताना अजून दात दुखतात. फक्त लाल शाई एवढी जाड कशाला, तेवढं मला कोणी समजवा.

चौथा टप्पा ‘ब’ तुकडीवर केला. फळा कोरा ठेवला. कुंडी तीन दिवस कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. चौथ्या दिवशी पट्टीआधी चाचणीचं पान तपकिरी आलं, तेव्हा मी जवळजवळ नाचलेच.

मागे काका उभे होते. चेहरा त्या झाडापेक्षा मलूल.

“बाई, तीन दिवस झाले. आत माझा साखरेचा डबा आहे.”