साखळी टेबलावरून कधी सुटते? सरासरी त्वरणाला ते कळत नाही

"टेबलावरून घसरणाऱ्या साखळीला डिफरन्शियल इक्वेशन लागतच नाही. सुरुवातीचं आणि शेवटचं त्वरण काढा, सरासरी घ्या, s = ½at² मध्ये घाला. वेग बरोबर येतो, वेळही येते. साखळी जड असेल तर लवकर सुटते."

असा एक मेसेज पुढे पाठवला जातोय. त्यातला वेग बरोबर येतो, हे मान्य करावंच लागतं. घोटाळा तिथूनच होतो: घरातली बारावीची मुलगी वेग ताडून बघते, तो जुळतो, मग वेळही डोळे झाकून उतरवून घेते.

घर्षण नसलेल्या टेबलावरून L लांबीच्या साखळीचा x इतका भाग लटकत असेल, तर खाली ओढतं फक्त त्या भागाचं वजन, पण हलवायची असते अख्खी साखळी. म्हणून x″ = (g/L)x. त्वरण x च्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे अंतरावर काढलेली सरासरी अचूक असते आणि v² = 2as चुकत नाही. वेळ मात्र अंतराच्या हिशेबाने वाटली जात नाही.

k = √(g/L) धरलं, तर समीकरणाची उत्तरं e^(kt) आणि e^(−kt). साखळी x₀ लटकती ठेवून अलगद सोडली की दोघांचा वाटा सारखा:

x = (x₀/2)(e^(kt) + e^(−kt))

यात x = L घातलं की सुटण्याची वेळ मिळते:

T = (1/k) ln[(L + √(L² − x₀²))/x₀]

1 मीटरची साखळी घ्या, 10 सेंमी लटकती. सरासरीचा हिशेब 0.58 सेकंद सांगतो, खरी वेळ 0.96 सेकंद. दोन्हीकडे वेग 3.1 मी/से. घसरायच्या 90 सेंमीपैकी पहिल्या 45 सेंमीलाच 0.76 सेकंद जातात, कारण सुरुवातीला त्वरण g चा जेमतेम दहावा भाग असतं.

आता x₀ कमी करत न्या. 1 सेंमीला खरी वेळ 1.69 सेकंद, 1 मिमीला 2.43. दर वेळी x₀ दहापट कमी झालं की साधारण 0.74 सेकंद वाढतात. सरासरीवाला हिशेब मात्र 0.64 सेकंदापुढे जातच नाही. x₀ शून्य केलं तरी तो तेच म्हणतो, म्हणजे पूर्ण टेबलावर पडून असलेली साखळीसुद्धा 0.64 सेकंदात खाली! हे दिसल्यावर तरी पुढे पाठवणं थांबायला हवं होतं.

जडपणाचा मुद्दा एका ओळीचा आहे: वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं.

एक अट मात्र वरच्या सूत्रालाही आहे. टेबलाची कड साखळीला बाहेर ढकलू शकते, आत ओढू शकत नाही. आपल्या उदाहरणात साधारण 51 सेंमी लटकल्यावर साखळी कडेपासून सुटून बाहेर फेकली जाऊ लागते. शेवटपर्यंत सूत्र लागू हवं असेल, तर कडेला गुळगुळीत वाकडी नळी बसवून साखळी तिच्यातून सोडावी लागते.