रुपया घसरला की निर्यातदाराच्या हातात नेमके किती पडते?

रुपया घसरल्याची बातमी आली की त्याखाली एक ठरावीक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘आयातदारांना फटका, निर्यातदारांची चांदी.’ सोलापूरच्या एका बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या वाक्याचा पहिला भाग दुसऱ्या भागापेक्षा कितीतरी अधिक खरा आहे, असे माझे मत आहे. आयातदाराचे नुकसान लगेच होते आणि पूर्ण होते. निर्यातदाराचा फायदा मात्र कागदावर दिसतो तेवढा त्याच्या खात्यात क्वचितच उतरतो. असे का होते, हे एकाच व्यवहाराचा हिशेब शेवटपर्यंत नेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

मूळ तत्त्व खोटे नाही. आपला टॉवेल कारखानदार मजुरी, वीजबिल आणि कर्जाचे व्याज रुपयांत देतो, परंतु परदेशी ग्राहकाकडून त्याला डॉलर मिळतात. एका डॉलरचे 80 रुपये मिळत होते तिथे 84 मिळू लागले, तर तेवढ्याच मालाचे त्याला जास्त रुपये मिळतात, किंवा डॉलरमधली किंमत थोडी उतरवून तो स्पर्धकाच्या हातातली ऑर्डर आपल्याकडे ओढू शकतो. आयातदाराचे याच्या नेमके उलट असते. त्याची विक्री रुपयांत आणि देणे डॉलरमध्ये असते, त्यामुळे तेच देणे फेडायला त्याला जास्त रुपये मोजावे लागतात.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी मीच ठरवलेले आहेत, पण त्यांची जातकुळी माझ्या समोर येत असलेल्या कागदांचीच आहे. समजा, सोलापूरच्या एका कारखानदाराला 1,00,000 डॉलरच्या टेरी टॉवेलची ऑर्डर मिळाली आणि त्याने किंमत सांगितली तेव्हा दर 80 होता. म्हणजे येणे 80 लाख रुपये. खर्च 75 लाख : त्यात सूत 35 लाखांचे, मजुरी, वीज, व्याज वगैरे मिळून 25 लाख, आणि उरलेले 15 लाख रंग-रसायने, जहाजभाडे, मागांचे परदेशी सुटे भाग अशा डॉलरशी बांधलेल्या बाबींचे. नफा 5 लाख. पैसे हाती येईपर्यंत दर 84 झाला. येणे 84 लाख झाले आणि खर्च तेवढाच राहिला असे मानले, तर नफा 9 लाख होतो. रुपया पाच टक्क्यांनी हलला आणि नफा ऐंशी टक्क्यांनी वाढला. ‘चांदी’ हा शब्द येतो तो इथून, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात.

खर्च मात्र तेवढाच राहत नाही. डॉलरशी बांधलेल्या 15 लाखांवर पाच टक्के, म्हणजे 75 हजार रुपये लगोलग वाढतात. त्यानंतर सुताची पाळी येते. सूत देशी कापसाचे आणि देशी गिरणीचे असते, त्यामुळे त्याचा डॉलरशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तीच गिरणी सूत निर्यातही करू शकते. बाहेर विकून तिला जास्त रुपये मिळू लागले की सोलापूरच्या कारखानदाराला ती जुन्या भावाने सूत का देईल? हा परिणाम एका दिवसात होत नाही आणि पुरताही होत नाही, म्हणून त्यातला निम्माच धरू. 35 लाखांवर अडीच टक्के, म्हणजे साधारण 87 हजार 500 रुपये. आता खर्च 76 लाख 62 हजार 500 झाला आणि नफा 7 लाख 37 हजार 500 वर आला. अजूनही तो चांगलाच म्हणावा लागेल.

त्यानंतर ग्राहकाचा ईमेल येतो. परदेशातले मोठे खरेदीदार आपल्या चलनाचा दर आपल्यापेक्षा अधिक बारकाईने पाहतात, हे नवीन कारखानदाराला पहिल्या खेपेस फार उशिरा कळते. तुमचा रुपया उतरला आहे, तेव्हा पुढच्या मालाला तीन टक्के सूट द्या, अशी मागणी होते. नकार द्यायचा तर वर्षभराच्या ऑर्डरी पणाला लागतात. सूट दिली की 97,000 डॉलर गुणिले 84, म्हणजे 81 लाख 48 हजार रुपये येतात आणि नफा 4 लाख 85 हजार 500 उरतो. रुपया घसरण्यापूर्वी तो 5 लाख होता.

हा हिशेब मी एकदा एका कारखानदाराच्या समोर त्याच्याच बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडला होता. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, म्हणजे एवढी धावपळ करून मी त्या गोऱ्याला स्वस्तात टॉवेल दिले.” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, पण एक दुरुस्ती मी त्याला सुचवली : सूट मागितली जाईपर्यंतचा जो काळ असतो, तोच खऱ्या कमाईचा असतो. ज्या ऑर्डरींच्या किंमती आधीच ठरलेल्या आहेत आणि ज्यांचे पैसे यायचे आहेत, त्यांच्यावर पूर्ण फायदा मिळतो. पुढच्या ऑर्डरींमध्ये तो ग्राहकाशी वाटून घ्यावा लागतो. कोणाच्या वाट्याला किती जाईल, हे त्या मालाला दुसरा विक्रेता किती सहज सापडतो यावर ठरते. साधा पांढरा हॉटेल-टॉवेल विकणाऱ्याला सूट द्यावीच लागते. स्वतःच्या नमुन्याचा आणि विणीचा माल विकणाऱ्याला ती टाळता येते.

दुसरा विक्रेता म्हटला की टॉवेलच्या धंद्यात पाकिस्तानचे नाव निघतेच. 2022च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे 177 पाकिस्तानी रुपये पडत होते आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत हा आकडा 260च्या पलीकडे गेला होता. त्याच काळात आपला रुपया साधारण साडेचौऱ्याहत्तरवरून ब्याऐंशीच्या घरात आला. म्हणजे डॉलरपुढे आपण घसरलो, पण कराचीच्या कारखानदाराच्या तुलनेत आपला माल महागच झाला. ‘रुपया कमजोर’ म्हणताना तो कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो. नुसते चलन पडले की निर्यात वाढते, हेही त्याच पाकिस्तानने खोटे ठरवले. परकीय गंगाजळी इतकी आटली होती की बँका आयातीच्या एल.सी., म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे मिळतील अशी हमी देणारी पत्रे, उघडायला तयार नव्हत्या, आणि कापूस व सुटे भाग न मिळाल्याने तिथल्या कापड गिरण्या अडचणीत आल्या. निर्यातीचा कच्चा माल आयातीच्या दारातून येत असेल, तर ते दार अडल्यावर स्वस्त चलनाचा काय उपयोग?

2022 हे वर्ष आणखी एका कारणाने माझ्या लक्षात राहिले. जुलैमध्ये डॉलरचा दर पहिल्यांदा 80च्या वर गेला आणि सगळीकडे रुपयाच्या घसरणीची चर्चा सुरू झाली. पण त्याच महिन्यात युरो घसरून डॉलरच्या बरोबरीला आला होता. परिणामी जानेवारीत 84च्या आसपास असलेला युरो सप्टेंबरमध्ये 79च्या आसपास मिळत होता. युरोत बिल करणाऱ्या निर्यातदाराच्या दृष्टीने रुपया घसरलाच नव्हता, उलट वधारला होता. (नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम तोवर संपला होता, हे बागायतदारांचे नशीब.) आणि जर्मनीच्या ग्राहकाला डॉलरमध्ये माल विकणाऱ्याला वेगळीच अडचण आली : ग्राहकाला तेच डॉलर घ्यायला जास्त युरो मोजावे लागत होते, त्यामुळे भाव उतरवण्याची त्याची मागणी आणखी जोरदार झाली.

इथे डॉलरची एक खोड सांगायला हवी. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ यांनी 2015 मध्ये दाखवून दिले की भारताच्या सुमारे 86 टक्के आयातीची बिले डॉलरमध्ये होतात, मात्र प्रत्यक्ष अमेरिकेतून येणारा माल जेमतेम 5 टक्के असतो. मलेशियाचे पामतेल असो की चीनचे रसायन, भाव बहुधा डॉलरमध्येच बोलला जातो. त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की जवळजवळ सगळी आयात एकदमच महागते, मग विकणाऱ्या देशाच्या चलनाचे काहीही झालेले असो.

आता त्याच खिडकीच्या पलीकडच्या बाजूला येऊ. मागांचे सुटे भाग आणून विकणारा एक व्यापारी आहे असे धरा. त्याने 20,000 डॉलरचा माल मागवला आणि 90 दिवसांनी पैसे द्यायचे ठरले. दर 80 असताना त्याने 16 लाखांचा हिशेब धरला, जकात व वाहतूक वेगळी लावली, आणि गिऱ्हाइकाला दीड लाख नफा ठेवून पक्का भाव सांगितला. पैसे पाठवायच्या दिवशी दर 84 होता. 80 हजार रुपये जास्त गेले आणि निम्म्याहून अधिक नफा तिथेच संपला. त्याखेरीज माल बंदरात येईपर्यंत दर चढलेला असेल, तर जकातही वाढते. ती मालाच्या रुपयांतल्या किंमतीवर टक्क्यांनी लागते, त्यामुळे रुपया घसरला की मूळ किंमतीबरोबर करही आपोआप फुगतो. परदेशी विक्रेत्याकडे ‘आमचा रुपया पडला, तुम्ही थोडे सोसा’ असे म्हणण्याची सोय त्याला बहुतेक वेळा नसते, कारण त्या विक्रेत्याच्या दृष्टीने डॉलर जिथल्या तिथे आहे. निर्यातदाराच्या बाबतीत ग्राहक वाटा मागतो, आयातदाराच्या नुकसानीत मात्र कोणी वाटेकरी होत नाही.

यावर फॉरवर्डचा, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बँकेशी ठरवण्याचा उपाय आहे. पण तोही दोघांना सारखा पडत नाही. आपल्याकडचे व्याजदर अमेरिकेपेक्षा सहसा जास्त असल्यामुळे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग मिळतो. डॉलर विकणाऱ्या निर्यातदाराला तो फरक मिळतो, तर विकत घेणाऱ्या आयातदाराला तो भरावा लागतो. म्हणूनच छोटा आयातदार ‘बघू, दर उतरेल’ म्हणत फॉरवर्ड टाळतो आणि नेमका चढत्या दरात सापडतो. निर्यातदाराचा मोह वेगळा असतो. त्याने 81ला दर बांधून ठेवला आणि बाजार 84ला गेला, की बुडालो असे त्याला वाटते. वास्तविक त्याचा ठरलेला नफा सुरक्षित असतो, पण शेजारच्याला जास्त मिळाले हे दुःख मोठे असते. पुढच्या वेळी तो काहीच बांधत नाही, आणि रुपया सावरला की धावत बँकेत येतो.

रुपयाच्या घसरणीने निर्यातदाराला किती मिळाले, हे ओळखायला माझी एक साधी पद्धत होती. त्याच्या विक्रीतून डॉलरशी बांधलेला खर्च वजा करायचा, उरलेल्या रकमेवर घसरणीची टक्केवारी लावायची आणि मग त्याने दिलेली सूट वळती करायची. आफ्रिकेतून कच्चा काजू आणून गर निर्यात करणाऱ्याकडे पहिली वजाबाकी होताच फार थोडे उरते, कारण येतानाही डॉलर आणि जातानाही डॉलर. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे बरेच उरते, कारण तिथला मोठा खर्च म्हणजे पगार, आणि तो रुपयांत असतो. टॉवेलवाला या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. आमच्याकडे दर चढलेल्या दिवशी तो डॉलर विकायला आणि सुट्या भागांचा व्यापारी डॉलर घ्यायला एकाच सकाळी यायचे, आणि बरेचदा त्या व्यापाऱ्याने वाढवलेल्या भावाचे बिल टॉवेलवाल्याच्याच खिशात असायचे.