हप्ता किती बसेल, एवढंच विचारा

कर्ज काढायचं ठरलं की पहिला प्रश्न असा विचारावा: "हप्ता किती बसेल हो?" बस. याहून एक अक्षर जास्त बोलू नका. मुद्दल किती, व्याजदर काय, मुदत किती, व्याज कशावर, हे सांगत बसलात तर समोरच्याच्या बुद्धीचा कस कसा लागणार? आपल्याकडे पाण्यातल्या म्हशीचं मोल करण्याची जुनी परंपरा आहे. तुम्ही तर म्हैससुद्धा न दाखवता मोल विचारताय, म्हणजे परंपरा पुढेच नेताय.

समोरचा हट्टी असेल तर उलट विचारेल, "कर्ज कितीचं?" इथे मोठ्या मनाने एक आकडा द्या. समजा, एक लाख. तो आणखी हावरट निघून दर विचारेल. सांगा, बारा टक्के. मुदत? तीन वर्षं. आता मात्र थांबा. चौथा प्रश्न आला की कपाळाला आठी घाला, कारण खरी गंमत तिथेच दडलेली आहे आणि ती उघड करणं हे अरसिकपणाचं लक्षण आहे.

तो विचारेल, "फ्लॅट की रिड्यूसिंग?" म्हणा, "बारा म्हणजे बारा!"

आता हे बारा कसे वागतात ते बघा. फ्लॅट पद्धतीत व्याज तिन्ही वर्षं पूर्ण एक लाखावर लागतं. वर्षाचे 12 हजार, तीन वर्षांचे 36 हजार. मुद्दलात मिळवून छत्तीस महिन्यांनी भागलं की हप्ता 3,778. रिड्यूसिंगमध्ये व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं. तिथे हप्ता 3,321 येतो आणि तीन वर्षांचं व्याज होतं साधारण 19,570. दर तोच, मुदत तीच, कर्ज तेच, आणि व्याजात जवळजवळ दुपटीचा फरक. एवढी करमणूक एका प्रश्नाने घालवायची?

कारणही तसं साधं आहे. हप्त्याहप्त्याने तुम्ही मुद्दल परत देत असता, त्यामुळे तीन वर्षांत सरासरी निम्म्याहून थोडंच अधिक कर्ज तुमच्याकडे असतं. पस्तिसाव्या महिन्यात तुमच्याकडे त्या लाखातले जेमतेम सात-आठ हजार उरलेले असतात, पण फ्लॅटवाला त्याही महिन्यात लाखावरचे हजार रुपये व्याज धरून बसलेला असतो. जे पैसे परत केले त्यांचंही भाडं भरायचं, यालाच दानशूरपणा म्हणतात. म्हणूनच हा 12 टक्के फ्लॅट दर रिड्यूसिंगच्या भाषेत मांडला तर सुमारे 21 टक्के होतो. हे ऐकून झोप उडते, तेव्हा ऐकू नका.

काही लोक जरा अतिच करतात. हप्ता ऐकला की त्याला महिन्यांनी गुणतात आणि त्यातून मुद्दल वजा करतात. उरलं ते एकूण व्याज. ते लाखाच्या सरळव्याजाइतकं, म्हणजे जवळपास 36 हजार निघालं की म्हणतात, "हा फ्लॅट आहे." तिसरीतली वजाबाकी, पण उगाच माणसाचं रहस्य फोडते. परतफेडीचा तक्ता मागणारेही भेटतात. त्या तक्त्यावर फार भरवसा ठेवू नये, हे मात्र मी गंभीरपणे सांगतो: फ्लॅट दराचा हप्ताही तक्त्यात महिन्यामहिन्याला उतरत्या व्याजाचा दाखवता येतो, म्हणून व्याज उतरताना दिसलं की रिड्यूसिंग, असं नसतं. गुणाकार-वजाबाकी तेवढी फसत नाही.

तुम्हाला या भानगडीत पडायचं नसेल तर आणखी एक सुरेख युक्ती आहे. हप्ता जड वाटला तर मुदत वाढवून मागा आणि पुन्हा फक्त हप्ताच विचारा. तेच एक लाख, तेच 12 टक्के, रिड्यूसिंगच, पण पाच वर्षांसाठी: हप्ता 2,224. केवढा हलका! व्याज 33 हजारांवर गेलं, म्हणजे तीन वर्षांच्या फ्लॅटच्या शेजारी जाऊन बसलं, पण ते हप्त्यात कुठे दिसतं? म्हणूनच तर हप्ता विचारायचा असतो, व्याज नाही.

एवढं करूनही समोरचा चारही गोष्टी मागत राहिला, तर शेवटचं अस्त्र काढा: "अहो, अंदाजे सांगा ना!" अंदाजे 2,224 आणि अंदाजे 3,778 यांतला कुठलाही आकडा तो सांगू शकतो, आणि त्याचं चुकलंय असं तुम्हालाही म्हणता येणार नाही.