एकाच कागदाच्या दोन बाजू, दोन वेगळी परिपत्रकं

शुक्रवारी संध्याकाळी मुलीच्या दप्तरातून शाळेचं परिपत्रक निघालं. एका बाजूला इंग्रजी, पाठीमागे मराठी. वर सुट्ट्यांचं वेळापत्रक, खाली ‘सुधारित शुल्क’. मी इंग्रजी बाजू वाचली, मग सवयीने मराठी वाचली, आणि डोकंच फिरलं. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट लिहिलेली नाही. शब्द इकडे तिकडे झालेत असं नाही, मजकूरच वेगळा आहे. आणि जिथे जिथे फरक आहे, तिथे तोटा मराठी वाचणाऱ्याचाच आहे.

आधी शुल्काचं सांगते. मराठीत लिहिलंय, ‘पालक-शिक्षक संघाच्या मंजुरीने शिकवणी शुल्कात १० टक्के वाढ करण्यात येत आहे.’ इंग्रजीत त्याच वाक्यात मंजुरी नाही, ‘सल्लामसलत’ आहे. पालक-शिक्षक संघाशी सल्लामसलत करून वाढ केली, असं. आता मंजुरी आणि सल्लामसलत हे एकच आहे का? सल्ला घेऊन तो बाजूला ठेवता येतो, मंजुरी नाही मिळाली तर वाढ करता येत नाही. कायद्याला मंजुरी लागते. म्हणून मराठीत मंजुरी लिहिली, आणि कोणी विचारलं तर दाखवायला इंग्रजीत सल्लामसलत ठेवली. हे चुकून झालं असं मला कोणी सांगू नये.

महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्काचा कायदा २०११ चा आहे, लागू झाला २०१४ मध्ये. त्यात साधी गोष्ट सांगितली आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्यातून एक कार्यकारी समिती बनते. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. पालक निवडायचे ते शाळेने हात धरून नाही, तर इच्छुकांमधून सोडत काढून. समितीची नावं फलकावर लावायची. पुढच्या वर्षाचं शुल्क वाढवायचं असेल तर शाळेने सगळ्या कागदपत्रांसह प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा, तोही नवं वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी. समितीने मंजूर केलेलं शुल्क फलकावर लावायचं, मराठीत आणि इंग्रजीतही. आणि एकदा ठरलं की ते दोन वर्षं बांधील.

आमच्या शाळेत वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं. म्हणजे प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत समितीपुढे यायला हवा. सोमवारी मी ऑफिसात गेले. खिडकीतल्या मॅडमना विचारलं, ‘समितीची सभा कधी झाली?’ त्या म्हणाल्या, ‘फेब्रुवारीत.’ म्हटलं, ‘इतिवृत्त बघायला मिळेल का?’ तर म्हणे ते संस्थेच्या ऑफिसला असतं. ‘मग समितीवर सहावीतून कोण पालक आहे?’ ते बघून सांगते म्हणाल्या. फलकावर गेल्या वर्षीच्या चित्रकला स्पर्धेचा निकाल अजून लावलेला आहे, समितीची यादी नाही. सोडत कधी निघाली हे मला आठवत नाही, कारण ती निघालेलीच नाही. जूनमध्ये वर्गशिक्षिकेने ग्रुपवर विचारलं होतं, ‘कोणी मदत करेल का?’ आणि दोन आयांनी हात वर केले होते. त्या बिचाऱ्यांना स्नेहसंमेलनाच्या वेळी नाश्त्याची पाकिटं भरायला बोलावलं होतं. आज त्यांच्या नावावर शुल्कवाढीची मंजुरी खपवली जातेय. त्यातल्या एकीला मी फोन केला. तिला अशी काही सभा झाली हेच माहीत नव्हतं.

आणि दोन वर्षांचं काय? गेल्या वर्षी याच शाळेने शिकवणी शुल्क ३८,००० वरून ४२,००० केलं. त्या वेळीही असंच परिपत्रक आलं होतं, मी फाइलमधून काढून पुन्हा वाचलं. कायद्याप्रमाणे तो आकडा यंदाही तोच राहायला हवा. यंदा वाढ हा प्रश्नच यायला नको होता.

बरं, वाढ तरी १० टक्के आहे का? नाही. मराठी बाजूला फक्त शिकवणी शुल्काचा आकडा आहे: ४२,००० चे ४६,२००. बरोबर १० टक्के. पूर्ण तक्ता इंग्रजी बाजूला आहे, बारीक अक्षरात. त्यात सत्र शुल्क ६,००० चं ७,५०० झालंय. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा मिळून ३,००० चे ३,३००. संगणकाचे ३,००० तसेच ठेवलेत. आणि खाली एक नवी ओळ आहे, ‘डिजिटल लर्निंग’ ५,४००. गेल्या वर्षी सगळं मिळून ५४,००० होते, यंदा ६५,४०० आहेत. ११,४०० रुपये वाढले, म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त. गणित सातवीतलं पोर करेल. पण मराठी बाजू वाचणाऱ्याला गणित करायला आकडेच दिलेले नाहीत.

संगणकाचे ३,००० वेगळे घेत असताना डिजिटल लर्निंग म्हणजे नेमकं काय, हे दोन्ही भाषांत कुठेच लिहिलेलं नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, वर्गात मोठा स्क्रीन आहे, तो तिसरीपासून आहे. मग पैसे यंदा का?

माझा राग माझ्यापुरता असता तर मी दोन शिव्या घालून गप्प बसले असते. आम्ही दोघं नोकरी करतो, ओढाताण होईल पण भरू. पण आमच्याच मजल्यावर एक वहिनी राहतात, त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. आम्ही कोपरखैरण्यात राहतो, इथे माथाडींची घरं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे मिस्टर वाशीच्या मार्केटला हमाली करतात. पाटणकडचं गाव. गाळ्यावर माल कमी आला की त्या महिन्यात हातात कमी पडतं. वहिनी सातवीपर्यंत शिकल्यात, मराठी व्यवस्थित वाचतात, इंग्रजी नाही. त्या परिपत्रक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, दहा टक्केच ना? मग एकोणसाठ हजार चारशे होतील, मी डब्यात तेवढे वेगळे काढायला लागते.’ त्यांनी कागदावर पेन्सिलने हिशोब करून आणला होता. हिशोब अचूक होता. मी कागद उलटला आणि त्यांना खालचा आकडा दाखवला. सहा हजार कमी पडत होते. त्या काही बोलल्या नाहीत, पेन्सिलने लिहिलेला आकडा बोटाने पुसत बसल्या. मला त्या क्षणी त्या शाळेच्या दारात जाऊन ओरडावंसं वाटलं.

याच वहिनींना गेल्या दिवाळीतही असंच फसवलं होतं. तेव्हाच्या परिपत्रकात इंग्रजीत दिवाळीची सुट्टी १७ ते २७ ऑक्टोबर होती, मराठीत १७ ते ३१. त्यांनी मराठी वाचलं, मुलाला घेऊन एसटीने गावी गेल्या, ३१ ला परत आल्या. शाळा २८ ला सुरू झाली होती, चाचणीचा पहिला पेपर बुडला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं.’ कुठल्या बाजूला? मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्या विषयापुढे गैरहजर लिहिलंय. शाळेने चूक कबूल केली नाही, माफी तर दूरच.

आणि यंदा त्यांनी त्याचाही बंदोबस्त करून ठेवलाय. इंग्रजी बाजूच्या शेवटी एक ओळ नव्याने आली आहे: दोन्ही मजकुरांत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. ही ओळ मराठी बाजूला नाही. परत वाचा. मराठी वाचणाऱ्याला सांगायचं आहे की तुझी बाजू धरू नकोस, आणि ते सांगितलंय इंग्रजीत. एकदा भरलेलं शुल्क परत मिळणार नाही, हेही फक्त इंग्रजीतच आहे. मराठीत त्या जागी ‘पालकांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती’ आहे. तुमची विनंती तुमच्याजवळ ठेवा, आम्हाला अटी सांगा.

तारखांचा घोळ यंदाही आहेच. शुल्क भरायची शेवटची तारीख १० मे, त्यानंतर रोज ५० रुपये दंड. १० मे हा रविवार आहे. वरच्या सुट्ट्यांच्या तक्त्यात लिहिलंय की २ ते १७ मे शाळेचं कार्यालय बंद. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी. म्हणजे ज्याला खिडकीवर रोख किंवा चेकने भरायचंय त्याच्यासाठी शेवटचा दिवस ३० एप्रिल आहे, १० मे नाही. हे परिपत्रक काढणाऱ्याने स्वतःच्याच कागदावर वरचा तक्ता आणि खालची तारीख एकदा एकत्र वाचली असती तरी कळलं असतं. खिडकी बंद आणि दंडाचं मीटर चालू, हे कोणत्या हिशोबात बसतं?

तक्रार करायला जावं तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला शाळेतल्या २५ टक्के पालकांची साथ लागते. एकट्या पालकाचा कागद तिथे चालत नाही. आमच्या शाळेत सोळाशेच्या आसपास मुलं आहेत, म्हणजे साधारण चारशे सह्या. ज्या शाळेत आपलं लेकरू रोज सहा तास असतं, तिच्याविरुद्ध सही करायला माणूस दहादा विचार करतो. ग्रुपवर मी तक्ता टाकला तर पंधरा जणांनी अंगठा दाखवला, सही कोण करणार विचारलं तर सगळे गप्प. एका बाबांनी मला वेगळा मेसेज केला, ‘बरोबर आहे तुमचं, पण माझं नाव नको.’ त्यांच्यावर रागवायचं कसं, भीती खरी आहे.

तरी चार दिवसांत त्रेसष्ट सह्या झाल्यात. पहिली वहिनींची आहे, मराठीत, पूर्ण नावासकट. मुख्याध्यापकांना अर्ज लिहून तयार आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्यात: समितीची यादी आणि सोडत कधी निघाली ती तारीख, शुल्काच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत, आणि इंग्रजीत जे जे लिहिलंय ते सगळं जसंच्या तसं मराठीत लिहिलेलं नवं परिपत्रक. उद्या सकाळी आम्ही दोघी जाणार आहोत. एक प्रत देणार आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय त्या खिडकीवरून हलणार नाही.